फाइल काढली, की तशीच राहिली

इंदूरला विजयनगरमधल्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला लागलो, तेव्हा आमच्याकडे एका पॅथॉलॉजी लॅबचं काम होतं. रुग्णांचे रिपोर्ट एडब्ल्यूएसच्या एस-थ्रीवर साठायचे आणि रुग्णाला लिंक जायची. नवा लॅपटॉप मिळाला म्हणून मी गिटहबवरून कोड उतरवून घेतला, आणि तो पहिल्याच फटक्यात चालला. खरं तर चालायला नको होता. पासवर्ड आणि की ज्या .env फाइलमध्ये ठेवतात, ती मी अजून बनवलीच नव्हती. ती कोडबरोबर आली होती. उघडून पाहिली तर आत AKIA ने सुरू होणारी 20 अक्षरांची की, आणि खाली तिची 40 अक्षरांची सीक्रेट.

गिटहबमधून लॉगआउट करून पाहिलं. रिपॉझिटरी तशीही उघडत होती. दुसऱ्या व्हेंडरला कोड दाखवायचा म्हणून कुणीतरी ती पब्लिक केली होती आणि पुन्हा प्रायव्हेट करायची राहून गेली होती.

ती फाइल आमच्या सीनियर दादांनी फार पूर्वी टाकलेली होती. मला वाटलं, गाजावाजा कशाला, आपणच निस्तरू. त्यात दादांची अब्रू वाचवण्यापेक्षा स्वतःच्या हुशारीची हौस जास्त होती. ऑफिस रिकामं झाल्यावर मी हे केलं:

```
git rm --cached .env
echo ".env" >> .gitignore
git add .gitignore
git commit -m "Remove AWS keys"
git push
```

रिपॉझिटरी प्रायव्हेट केली आणि घरी गेलो. कमिटला दिलेलं ते नावसुद्धा बघा. कुणाकडे आधीच कॉपी असती आणि त्याने नवा कोड ओढला असता, तर कुठे शोधायचं ते मीच लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना दादांना सहज सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. “की बंद केलीस का?” मी म्हटलं, फाइलच काढून टाकली. त्यांनी माझ्या लॅपटॉपवर एक ओळ टाइप केली:

```
git log -p --all -- .env
```

की जशीच्या तशी समोर. गिट जुनं काही फेकत नाही. मी फक्त ‘आता ही फाइल नाही’ अशी नवी नोंद केली होती. इतिहास धुऊन काढणारी साधनं आहेत, पण ज्याने आधीच कोड उतरवून घेतला त्याच्या डिस्कवर ती पोचत नाहीत. एकदा उघड्यावर पडलेली की चोरीला गेली असंच धरायचं आणि ती एडब्ल्यूएसकडे जाऊन रद्द करायची. बाकीची साफसफाई त्यानंतर.

दादांनी त्याच आयएएम युजरवर दुसरी की काढली. एका युजरला दोन की ठेवता येतात, त्या अशा अदलाबदलीसाठीच. नवी की सर्व्हरवर घातली, एक रिपोर्ट चढवून पाहिला, मग जुनी निष्क्रिय केली. लगेच डिलीट केली नाही, कारण कुठे काही अडलं तर ती परत चालू करून बघता येते. आणि अडलंच. रात्रीचा बॅकअप वेगळ्या मशीनवर चालायचा, त्याच्यातही तीच की होती.

मालकांच्या जुन्या जीमेलवर एडब्ल्यूएसचा इशारा पडून होता, रिपॉझिटरी पब्लिक झाली त्याच दिवशीचा. गिटहब अशा की शोधून एडब्ल्यूएसला कळवतं, आणि एडब्ल्यूएस त्या युजरला क्वारंटाइन पॉलिसी लावतं. त्यामुळे नवे सर्व्हर उभारणं, नवे युजर बनवणं अशी काही कामं अडतात, पण की बंद होत नाही. आमचं रोजचं काम सुरळीत चाललं होतं म्हणून कुणाला शंकाही आली नव्हती.

मालकांनी एकच विचारलं, “तुला कधी कळलं?” संगणक सुरक्षेसाठीची सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे डेटा गळती लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. माझी हुशारी रात्रभर घरी झोपली होती. फॉर्ममध्ये खरी वेळ लिहिली गेली.

मग क्लाउडट्रेल तपासलं. त्यात मागच्या 90 दिवसांच्या नोंदी मिळतात, आणि प्रत्येक रीजन निवडून बघावं लागतं. घुसखोर मुंबई सोडून भलत्याच रीजनमध्ये सर्व्हर उभारतात, म्हणून सगळे पाहिले. सर्व्हर नव्हते. पण एका अनोळखी आयपीवरून बकेटांची यादी मागितलेली होती. फाइली वाचल्या का, ते कळेना. एस-थ्रीमधून फाइल उतरवल्याची नोंद हवी तर डेटा इव्हेंट वेगळे चालू करावे लागतात, त्याचे पैसे पडतात, आणि आम्ही ते कधी चालू केलेच नव्हते.

लॅबच्या डॉक्टर मॅडमना फोन दादांनी लावला, पण बोलायला मला दिलं. “किती रिपोर्ट गेले?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मॅडम, ते सांगता येणार नाही. नोंदच नाही.”

“मग सगळेच गेले असं धरू,” त्या म्हणाल्या. “बकेटमध्ये ज्यांचे रिपोर्ट आहेत त्या सगळ्यांचे फोन नंबर संध्याकाळपर्यंत पाठवा.”