निरंक

दर महिन्याच्या सुरुवातीला शाखेतून रिजनल ऑफिसला तक्रारींचं विवरणपत्र जातं. माझ्या शाखेचं विवरणपत्र वर्षानुवर्षं ‘निरंक’ जायचं आणि मला त्याचा अभिमान होता. आज तो नाही. तो का गेला, हे नोकरीतून निवृत्त झाल्यावर तरी स्वच्छ सांगावं, म्हणून हे लिहितो आहे.

ग्राहक तक्रार घेऊन आला की त्याला केबिनमध्ये बसवायचं, चहा सांगायचा, संबंधित कारकुनाला बोलावून तिथल्या तिथे काम करून द्यायचं, अशी माझी पद्धत होती. तक्रार वहीत गेली म्हणजे मॅनेजर कमी पडला, असं मी मानत होतो आणि हाताखालच्या माणसांनाही तेच शिकवत होतो. बरीच कामं अशी व्हायचीही. पासबुकात नोंद राहिली, चेकबुक आलं नाही, सही जुळत नाही, हे शाखेच्या हातातलं आहे. दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मिटलेली तक्रार विवरणपत्रात दाखवायची गरज नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातही होतं. मी त्या सवलतीचा अर्थ मात्र सोयीने ताणला होता. न मिटलेल्या तक्रारीही माझ्याकडे तोंडीच राहायच्या.

2022 च्या जूनमध्ये आमचे एक जुने खातेदार आले. एसटीतून निवृत्त झालेले वाहक, शाखेत सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. शनिवारी, 4 जूनला, त्यांनी दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून 10,000 रुपये काढायला कार्ड घातलं. मशीन खडखडलं, नोटा बाहेर आल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम वजा झाली. सोमवारी सकाळी ते माझ्यासमोर बसले होते. मी स्क्रीनवर पाहिलं, व्यवहार ‘यशस्वी’ दिसत होता. मी म्हणालो, “अण्णा, काळजी करू नका. चार-पाच दिवसांत आपोआप परत येतात.”

हे अगदीच खोटं नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार एटीएममधून पैसे न निघता खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. पण आपोआप पैसे परत येतात ते मशीनने स्वतःहून अपयश कळवलं तर. नोटा आतच अडकून नाकारलेल्या नोटांच्या पेटीत पडल्या आणि मशीनने ‘दिले’ असं कळवलं, तर कोणीतरी वाद उभा केल्याशिवाय काही हलत नाही. त्या बँकेकडून मशीनची जर्नल प्रिंट आणि त्या दिवसाची रोख जुळणी मागवावी लागते. मशीनच्या हिशेबापेक्षा आत जास्त रोकड निघाली की खरं काय ते कळतं. कॅमेऱ्याचं चित्रणही वेळेत मागवावं लागतं, कारण ते कायम ठेवलं जात नाही. यातलं काहीही शाखेच्या टेबलावरून होत नाही. त्यासाठी तक्रारीला क्रमांक हवा आणि ती वर जायला हवी.

मी ती वर पाठवली नाही. अण्णा आणखी चार वेळा आले, दर वेळी मी फोन फिरवला, दर वेळी चहा झाला.

8 जुलैला ते आले ते प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद घेऊन. त्यांच्या मुलीने cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार टाकली होती आणि ती विचारात न घेताच बंद झाली होती. कारण एका ओळीचं होतं: आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नाही. अण्णा रागावले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, “साहेब, मी महिनाभर तुमच्याकडे येतोय, हे कुठंच लिहिलेलं नाही का?”

कुठेच नव्हतं. बँकेला लेखी तक्रार मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर लोकपालांचं दार उघडतं. अण्णांचे ते 30 दिवस सुरूच झाले नव्हते, आणि ते मी सुरू होऊ दिले नव्हते. माझ्या चांगुलपणाने त्यांचा महिना खाल्ला होता. त्या दिवशी मला माझ्या निरंक विवरणपत्राचा खरा अर्थ कळला.

कपाटातून तक्रार वही काढली. पानं कोरी होती. या वहीत प्रत्येक तक्रारीच्या प्रती असतात, एक फाडून ग्राहकाला पोच म्हणून द्यायची, एक शेऱ्यासह वरच्या कार्यालयात पाठवायची. मी स्वतः लिहिलं, शिक्का मारला, पोच अण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती पासबुकात ठेवली. एटीएमच्या वादाची नोंद त्याच दुपारी कार्ड विभागाकडे गेली. तीन दिवसांनी उत्तर आलं: व्यवहार यशस्वी, तक्रार बंद. पूर्वी मी हे उत्तर अण्णांना वाचून दाखवून थांबलो असतो. या वेळी रिजनल ऑफिसच्या नोडल अधिकाऱ्याला लिहिलं, की जर्नल आणि रोख जुळणी न पाहता दिलेलं उत्तर ग्राहकाला देता येत नाही. त्यांनी ती कागदपत्रं मागवली. त्या मशीनमध्ये त्या दिवशी बरोबर 10,000 रुपये जास्त निघाले होते. 21 जुलैला रक्कम जमा झाली. भरपाई मात्र आली नाही, त्यासाठी पुन्हा लिहावं लागलं. 9 जूननंतरचे 42 दिवस, म्हणजे 4,200 रुपये. तेही मिळाले.

यानंतर मी शाखेत दोन गोष्टी बदलल्या. त्याच दिवशी न मिटणारी तक्रार वहीत जाईल, मग ग्राहक कितीही ओळखीचा असो. आणि पायऱ्यांचा खोटा हिशेब कोणी सांगणार नाही. आमच्यातलेच काही जण सांगायचे, शाखेत तीस दिवस थांबा, मग रिजनल ऑफिस, मग मुख्य कार्यालयातले प्रधान नोडल अधिकारी. तसं नाही. शाखा, नोडल अधिकारी, प्रधान नोडल अधिकारी या सगळ्यांचे मिळून 30 दिवस असतात आणि पायरी बदलली म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. मोठ्या व्यापारी बँकांत अंतर्गत लोकपाल असतात. बँकेला तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल, तर ती आधी त्यांच्यासमोर ठेवावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर 2023 च्या निर्देशांनी त्यासाठी तक्रार आल्यापासून 20 दिवसांची मुदत ठरवली होती. ग्राहक त्यांच्याकडे थेट जाऊ शकत नाही, म्हणून आलेला नकार त्यांनी पाहिला आहे का, हे ग्राहकाने विचारलं पाहिजे. ‘आपली तक्रार निकाली काढली आहे’ एवढाच एसएमएस आला असेल, तर कारण लेखी मागावं.

पुढच्या महिन्यापासून माझ्या विवरणपत्रात आकडे दिसू लागले. वरून विचारणा झाली, तुमच्या शाखेत एकदम काय झालं? मी उत्तर दिलं, लिहायला लागलो.

वाचकांना एकच विनंती. मॅनेजर कितीही भला असू द्या, चहा जरूर घ्या, पण उठण्यापूर्वी तक्रार लिहून द्या आणि तारीख, शिक्का, क्रमांक असलेली पोच घेऊनच शाखेबाहेर पडा.