सात पन्नास म्हणजे साडेसात नव्हे

गेली काही वर्षं मी छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं बनवतो. यातल्या बऱ्याच ठिकाणी अजून बोटाचा ठसा घेणारं यंत्र आलेलं नाही. दारापाशी टेबलावर एक वही किंवा हजेरी कार्डांचा गठ्ठा असतो. आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवसाचे तास, असं सगळं पेनाने लिहिलेलं असतं. महिनाअखेरीस हे कागद माझ्याकडे येतात आणि त्यांतून प्रत्येकाचे पैसे काढायचे असतात. पगार ताशी दराने असेल तर 'तास गुणिले दर' एवढाच हिशेब. दर रुपये-पैशांत असतो, म्हणजे शंभराच्या भाषेत. वेळ तास-मिनिटांत असते, म्हणजे साठाच्या भाषेत. एका भाषेतून दुसरीत जाताना मजुराच्या खिशातून पैसे कसे गळतात, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात एका टिंबापासून करू. मराठीत वेळ लिहायची आपली सवय टिंबाची आहे. लग्नपत्रिकेत 'दुपारी १२.३५ वाजता' असतं, वर्तमानपत्रात 'सायंकाळी ५.३०' असतं, रमजानमधल्या सहेरी-इफ्तारच्या वेळापत्रकातही बहुधा टिंबच असतं. वाचणाऱ्याला यात काही अडत नाही, कारण हे घड्याळ आहे हे त्याला माहीत असतं. पण हजेरी कार्डावर 'आजचे तास : ७.५०' असं लिहिलं आणि तो कागद हिशेब करणाऱ्याच्या हाती गेला, की तो आकडा दशांशाचा होतो. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं सात तास पन्नास मिनिटं. गणकयंत्र वाचतं साडेसात. मधली वीस मिनिटं कुठेच नोंदली जात नाहीत.

एका पॅकिंगच्या कारखान्यात मला बोलावलं होतं ते याच घोळासाठी. तिथली पाळी सकाळी ९.१० ते संध्याकाळी ५.३०, मध्ये अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी. म्हणजे आठ तास वीस मिनिटांतून तीस मिनिटं वजा, काम सात तास पन्नास मिनिटं. दर ताशी ९० रुपये. सगळे जिला खाला म्हणत, अशा एका बाईंनी पगारावर हरकत घेतली होती. त्यांच्या हातात शाळकरी वही होती आणि हिशेब तोंडपाठ होता.

"भाई, पुरे आठ तास भरले असते तर ७२० झाले असते. दहा मिनिटं कमी, त्याचे १५ गेले. राहिले ७०५. सव्वीस दिवस आले मी. बघा किती होतात ते."

होतात १८,३३०. त्यांना मिळाले होते १७,५५०. पुरे ७८० रुपये कमी, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीहूनही जास्त. पत्रकात प्रत्येक दिवसापुढे ७.५० होतं, बेरीज १९५ तास होती आणि १९५ गुणिले ९० बरोबर १७,५५० होतं. गुणाकार चोख होता, बेरीजही चोख होती. म्हणूनच दोनदा तपासूनही कारकुनाला काही सापडलं नव्हतं.

असा घोळ ओळखायची एक सोपी खूण आहे. तासांच्या रकान्यात टिंबानंतरचे आकडे बघत जा. महिनाभरात, वीस-पंचवीस माणसांच्या नोंदींत, टिंबापुढे ५९च्या वरचा एकही आकडा दिसला नाही, तर ते दशांश नाहीत, टिंब देऊन लिहिलेली मिनिटं आहेत. खऱ्या दशांशात .६७, .७५, .८३, .९२ असे आकडे येणारच. आणखी एक जागा म्हणजे '७.५' अशी अर्धवट नोंद. हे सात तास पाच मिनिटं, सात तास पन्नास मिनिटं की साडेसात तास? कागदावरून ठरवता येत नाही. आल्या-गेल्याच्या वेळांवरून पुन्हा वजाबाकी करावी लागते. त्यामुळे त्या कारखान्यात पहिला बदल मी हा करवला की तासांचा रकाना मधोमध आखून दोन केला. डावीकडे तास, उजवीकडे मिनिटं. टिंबाला जागाच ठेवली नाही.

आता रूपांतर. तास तसेच ठेवायचे आणि मिनिटांना ६० ने भागायचं. ५० भागिले ६० म्हणजे ०.८३३३... आणि हा ३ कधी संपत नाही. म्हणून सात तास पन्नास मिनिटं म्हणजे ७.८३३३... तास. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पुढची गळती इथूनच सुरू होते, कारण हा न संपणारा आकडा कुठेतरी तोडावा लागतो आणि लोक तो रोजच्या रोज तोडतात.

खालांचाच महिना घेऊ. रोजचे तास एका दशांशापर्यंत, ७.८ धरले, तर २६ दिवसांचे २०२.८ तास होतात आणि पगार १८,२५२. खऱ्या आकड्यापेक्षा ७८ रुपये कमी. दोन दशांशांपर्यंत, ७.८३ धरले, तर २०३.५८ तास आणि १८,३२२ रुपये २० पैसे. फरक ७ रुपये ८० पैशांचा. वाचणारा म्हणेल, आठ रुपयांसाठी एवढा खटाटोप? पण हा फरक दर महिन्याला, त्या पाळीतल्या प्रत्येकाला आणि नेहमी एकाच दिशेने येतो.

ती दिशाच महत्त्वाची आहे. हिशेबनीस लोक हमखास सांगतात की कधी वर धरलं जातं, कधी खाली, शेवटी सगळं फिटतं. हे कधी खरं असतं ते बघा. एका दुसऱ्या कामगाराचा आठवडा असा होता : ७ तास ५० मिनिटं, ७-३५, ८-०५, ७-५०, ६-४० आणि ७-५५. रोजचे दोन दशांशांपर्यंत धरले तर ७.८३, ७.५८, ८.०८, ७.८३, ६.६७, ७.९२, बेरीज ४५.९१. खरी बेरीज ४५.९१६७. फरक अर्ध्या मिनिटाहूनही कमी. मिनिटं रोज वेगळी होती, म्हणून काही आकडे वर गेले, काही खाली आले आणि बरंचसं फिटलं. पण पाळीच्या कामात मिनिटं रोज तीच असतात. भोंगा त्याच वेळी वाजतो. ५० मिनिटं रोज खालीच तुटतात, तेव्हा फिटायला समोर काही येतच नाही. उलट पाळी ७ तास ४० मिनिटांची असती, तर .६६६६चे .६७ होऊन मालकाकडून रोज थोडं जास्त गेलं असतं. नुकसान कोणाचं, हे भोंग्याच्या वेळेवर ठरतं. असं ठरणं मला दोघांच्याही बाबतीत पटत नाही.

काही मिनिटं मात्र अजिबात तुटत नाहीत. ज्या मिनिटांना ३ ने भाग जातो, ती दोन दशांशांत तंतोतंत बसतात : ३ मिनिटं म्हणजे .०५, १२ म्हणजे .२०, २७ म्हणजे .४५. सव्वा, साडे आणि पावणे या आपल्या मोजणीतल्या तिन्ही जागा, म्हणजे १५, ३० आणि ४५, याच गटात येतात. म्हणून ज्या कारखान्यात पाळी पाव तासाच्या हिशेबात बसते, तिथे वर्षानुवर्षं कोणाला काही जाणवत नाही. पाळी दहा मिनिटांनी सरकली की गळती सुरू होते. कारण साधं आहे : ६० ला ३ ने भाग जातो, १०० ला जात नाही.

उपाय नवा नाही. खालांनी तोंडी केलं तेच करायचं, दशांशाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. महिन्याच्या तासांची बेरीज वेगळी, मिनिटांची वेगळी. २६ दिवसांचे तास १८२, मिनिटं १३००. त्या १३०० मिनिटांचे २१ तास ४० मिनिटं. एकूण २०३ तास ४० मिनिटं. आता एकदाच भागाकार : ४० भागिले ६०, म्हणजे २०३.६६६७ तास. गुणिले ९०, आले १८,३३०. याहून सुरक्षित रीत म्हणजे सगळ्याची मिनिटंच करायची : १२,२२० मिनिटं गुणिले ९०, भागिले ६०. आधी गुणाकार, मग भागाकार. मध्ये काही तोडायला उरतच नाही.

पगाराच्या संगणकप्रणालीत तासांना दोनच दशांश चालत असतील, तर फक्त महिन्याची बेरीज तोडा. २०३.६७ भरले तर पगार १८,३३० रुपये ३० पैसे येतो. एकदाच तोडल्यावर जास्तीत जास्त चूक अठरा सेकंदांची, या दराने ४५ पैशांची. जादा तासांची मिनिटं मात्र वेगळ्या बेरजेत ठेवा, कारण त्यांना दर दुप्पट लागतो आणि चूकही दुप्पट होते.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पेशीत वेळ 7:50 अशी, विसर्गाच्या चिन्हाने भरा. टिंब दिलं तर एक्सेल त्याला साडेसातच समजतं. दुसरं, एक्सेल वेळ दिवसाच्या हिश्श्यात साठवतं, म्हणून बेरजेला २४ ने गुणल्यावर तास मिळतात :

```
=ROUND(SUM(D2:D27)*24*90, 2)
```

नुसती बेरीज बघायची असेल तर त्या पेशीचा फॉरमॅट [h]:mm ठेवा. साधा h:mm ठेवला तर दर २४ तासांनी आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि २०३ तास ४० मिनिटांच्या जागी 11:40 दिसतं. पेशीतली खरी किंमत शाबूत असते, पण ते 11:40 बघून कोणी हातानं कागदावर उतरवलं की गोंधळ पक्का.

खालांना त्यांचे ७८० रुपये पुढच्या पगारात मिळाले. त्याच पत्रकावर त्या पाळीतल्या बाकीच्यांचेही आधीचे महिने पुन्हा मोजावे लागले. त्यांच्यापैकी कोणीच तक्रार केली नव्हती, कारण हातात पडणाऱ्या पावतीवर फक्त 'एकूण तास १९५' एवढंच छापलेलं असायचं. आता तिथल्या पावतीवर दोन आकडे येतात : एकूण २०३ तास ४० मिनिटं आणि त्याखाली २०३.६७. पहिला आकडा कामगाराला आपल्या वहीशी ताडता येतो, दुसरा हिशेबनिसाला दराशी. तुमच्या पावतीवर एकच आकडा असेल, तर या महिन्यात दिवस आणि मिनिटं स्वतः लिहून ठेवा आणि शेवटी एकदा ६० ने भागून बघा.