सतरा खेपा

आमच्या शाळेच्या पटावर पहिली ते सातवी मिळून अठ्ठावीस मुलं आहेत. दुसरीत दोघंच, सहावीत सहा. अशा शाळेत वर्गवार रिले लावता येत नाही, म्हणून क्रीडादिनाला लहान-मोठ्यांचे मिश्र संघ करावे लागतात. मिश्र संघांची साधी रिले लावली की सातवीची मुलं जिंकवतात आणि पहिलीची हरवतात. धावण्यात थोडा विचार मिसळला तर हे बदलेल असं वाटून मी बरीच वर्षं प्रयोग करते आहे.

पहिला प्रयोग पार फसला होता. तेव्हा मी दुसऱ्या शाळेत होते. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला एक बाक ठेवला, त्यावर प्रत्येकाच्या इयत्तेप्रमाणे गणितं मांडली. धावायचं, गणित सोडवायचं, परत यायचं. दुसरीतली एक मुलगी वजाबाकीपाशी अडली. तिचा संघ वीस मीटर दूर, सगळी शाळा तिच्याकडे बघून ओरडतेय आणि ती पेन्सिल धरून एकटी उभी. वर्गात तेच गणित तिने सहज केलं असतं. चूक माझ्या मांडणीची होती. धाप लागलेल्या मुलाला सगळ्यांसमोर एकट्याने विचार करायला लावू नये, हे त्या दिवशी मला कळलं. तेव्हापासून माझ्या खेळात धावणारा फक्त माहिती आणतो, विचार रेषेवर उभा असलेला संघ करतो.

आता जो खेळ लावते त्याला नारळाच्या करवंट्या लागतात. प्रत्येक संघासमोर पंधरा मीटरवर तीन रांगांत तीन-तीन अशा नऊ करवंट्या पालथ्या ठेवायच्या. आत १ ते ९ आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. एकाने धावत जाऊन एकच करवंटी उघडायची. त्या वेळी हवा असलेला आकडा निघाला तर करवंटी घेऊन यायचं, नाहीतर होती तिथे पालथी घालून रिकाम्या हाताने परत यायचं, काय निघालं ते संघाला सांगायचं आणि पुढच्याच्या हातावर टाळी द्यायची. आधी १, मग २, असं क्रमाने ९ पर्यंत. नऊ करवंट्या ज्यांच्या आधी जमतील ते जिंकले. सगळ्यांनी सारख्याच वेळा धावायला हवं असं यात नसल्याने एखादं मूल गैरहजर असलं तरी अडत नाही. सहाचा संघ सातच्या संघाशी बिनदिक्कत खेळतो.

संघाला सगळं नीट आठवत असेल तर जास्तीत जास्त सतरा खेपा लागतात. सगळ्यात वाईट नशीब म्हणजे १ सगळ्यात शेवटी सापडणं. तरी आठ खेपा फुकट, नववीत १ आणि उरलेल्या आठ आठ खेपांत. नशीब चांगलं असेल तर नऊ खेपांतही खेळ संपतो. सतराच्या वर गेलेली प्रत्येक खेप म्हणजे विसरलेली जागा. पहिलीच्या मुलाला जाऊन-येऊन बारा-तेरा सेकंद लागतात, सातवीच्याला आठ-नऊ. म्हणजे एक खेप विसरण्यात गेली की वेगवान मुलाने दोन-तीन फेऱ्यांत कमावलेलं सगळं जातं. अंतर निवडताना मी हेच प्रमाण सांभाळते. ते पाच मीटरवर आणलं तर चुकीची किंमत उरत नाही, मुलं दिसेल ती करवंटी उघडत सुटतात. तीस मीटरवर नेलं तर पुन्हा पायांचीच शर्यत होते.

गेल्या वर्षीची एक शर्यत मला खेपेगणिक आठवते. पहिल्या खेपेला पहिलीतली मुलगी गेली. पहिल्या खेपेत कुणालाच काही ठाऊक नसतं, म्हणून सगळ्यात लहान मुलाला तिथे पाठवावं, त्याच्यावर कसलंच ओझं येत नाही. तिने आंब्याकडची कोपऱ्यातली उघडली. ७ निघाला. पुढच्या दोन खेपांत ४ आणि ९. चौथ्या खेपेला १ मिळाला. पाचव्या खेपेत ३, सहाव्यात २ हाती आला आणि सातव्यात माहीत असलेला ३ आणला. आठवी खेप फिरून पहिलीतल्या मुलीची. आता ४ हवा होता आणि तो तिने उघडलेला नव्हता. मोठी मुलं तिला "उजवीकडची, उजवीकडची" सांगत होती. त्या वयात उजवं-डावं पक्कं बसलेलं नसतं. मग सातवीतली मुलगी वाकून म्हणाली, "तू उघडलीस ना, तिच्या शेजारची, विहिरीच्या बाजूची." ती गेली आणि ४ घेऊन आली.

नवव्या खेपेत ६ निघाला, दहाव्यात ५ मिळाला, अकराव्यात ६ आणला. बाराव्या खेपेला सहावीतला मुलगा रेषेवर येऊन अडला. ७ कुठे ते कुणालाच आठवेना. त्याने पहिलीतल्या मुलीला विचारलं, "खंय गो?" तिने बोटाने कोपरा दाखवला. शेवटी दोन करवंट्या उरल्या. एकीत ९ आहे हे माहीत होतं. दुसरी कुणीच उघडलेली नव्हती. तिसरीतला मुलगा थेट त्या दुसरीकडे गेला आणि ८ घेऊन आला. चौदा खेपा झाल्या. शेजारच्या संघात आमचे सगळ्यात वेगवान दोघे धावपटू होते, त्यांना एकोणीस लागल्या.

रेष ओलांडली की धावणाऱ्याला कुणी काही सांगायचं नाही, हा नियम मी कडक पाळते. बोलायचं ते निघण्याआधी. हा नियम नसेल तर मोठी मुलं दुरून ओरडून लहानग्याला बाहुलीसारखं चालवतात. म्हणूनच आठव्या खेपेला वाकून सांगणारी ती मुलगी मला त्या दिवशीच्या सगळ्या धावण्यापेक्षा मोलाची वाटली.

घोळ मात्र बारीक गोष्टींत होतात. करवंट्या उचलल्या गेल्या की जागा रिकाम्या होतात आणि 'मधली' म्हणजे कोणती ते कळेनासं होतं. म्हणून प्रत्येक करवंटीखाली फक्कीचा गोल आखून ठेवते. दुसरं, १ आणि ९ यांची लहान मुलं गल्लत करतात, त्यात करवंटी फिरलेली असली तर जास्तच. आकड्याखाली आडवी रेघ आणि शेजारी तेवढे ठिपके काढले की प्रश्न मिटतो. तिसरं मला उशिरा कळलं. एका वर्षी आकडे करवंटीतच रंगवले होते. सरावातच एका मुलाने हेरून ठेवलं की तीन डोळ्यांची, तडा गेलेली करवंटी म्हणजे ४. तेव्हापासून डोळे नसलेला अर्धा भागच घेते आणि चिठ्ठ्या शर्यतीच्या दिवशी सकाळी चिकटवते. नशिबाचा भाग कमी व्हावा म्हणून दोन डाव खेळवते आणि दोन्ही डावांच्या वेळांची बेरीज धरते.

चार संघांना छत्तीस करवंट्या लागतात आणि एका नारळाची एकच कामाला येते. क्रीडादिन डिसेंबरात असेल तर गणपतीतच मुलांना सांगून ठेवा, नारळ आडवा मधोमध फोडून घ्या आणि कडा पॉलिश पेपरने घासायला विसरू नका.