अख्खा नकाशा उघडायचाच कशाला?

मोठी फाईल अख्खी उघडता येत नसेल तर ते काम घेऊच नये, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. जुने नकाशे, छापील चित्रं, कागदपत्रं यांचे स्कॅन साफ करून ते पुन्हा छापण्याजोगे करून देणं हा माझा उद्योग. या कामात मूळ प्रतीशी इमान राखायचं असतं, आणि इमान म्हणजे पूर्ण चित्र पूर्ण रिझोल्यूशनला समोर ठेवून काम करणं, अशी माझी समजूत होती. छोटी प्रत काढून तिच्यावर निर्णय घेणं म्हणजे झेरॉक्स बघून पैठणीचा रंग ठरवणं. आणि चित्राचे तुकडे करून ते वेगवेगळे दुरुस्त करणं ही तर मला सरळसरळ चलाखी वाटायची. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा. मोठं काम आलं की मी सांगायचो, नवं मशीन घेतलं की बघू.

भाची व्हिडिओ एडिटिंग करते. ती एकदा म्हणाली, "मामा, आम्ही मूळ फुटेजवर कधी कापतच नाही. प्रॉक्सीवर कापायचं, शेवटी मूळ जोडायचं. तुझं तर चित्र हलतसुद्धा नाही!" मी तिला उडवून लावलं. व्हिडिओत कट कुठे मारायचा हे छोट्या प्रतीवर कळतं. नकाशातली केसाएवढी रेघ छोट्या प्रतीवर उरतच नाही, हा माझा मुद्दा. तो आजही मला खरा वाटतो. फक्त त्यावरून मी जो निष्कर्ष काढत होतो तो आता काढत नाही.

मत बदललं ते एका नकाशामुळे. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर पिवळा पडलेला, चार फूट बाय तीन फूट. स्कॅन 600 डीपीआयचा, सोळा बिटांचा. म्हणजे 28,800 बाय 21,600 पिक्सेल, जवळपास 62 कोटी. प्रत्येक पिक्सेलला तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट. गुणाकार केला की पावणेचार जीबी. हा झाला एक थर. त्याची एक नक्कल घेतली की साडेसात, आणि अनडू वेगळंच. आठ जीबीच्या मशीनमध्ये ऑपरेटिंग सिस्टीमलाही जागा लागते. मग प्रोग्रॅम उरलेलं सगळं डिस्कवर उतरवायला लागतो, ब्रश हाताच्या मागून फरपटत येतो आणि डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर अडकून बसतो. फाईल डिस्कवर किती जीबीची दिसते यावर जाऊ नका. कॉम्प्रेस केलेली फाईल उघडली की मेमरीत पूर्ण फुगते.

काम नाकारता येत नव्हतं. म्हणून पहिल्यांदाच मी स्वतःला विचारलं: मी जी दुरुस्ती करणार आहे, तिला चित्राचा किती भाग बघावा लागतो? कर्व्हला एका वेळी एकच पिक्सेल पुरतो. शेजारी काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शार्पनिंगला शेजारचे काही पिक्सेल लागतात. डाग काढायला डागाचा परिसर लागतो. आणि कागदाचा पिवळेपणा सारखा करायला अख्खा नकाशा लागतो, पण बारकावे अजिबात लागत नाहीत. एवढं कळल्यावर अख्खी फाईल उघडण्याची गरज कुठे उरते हे शोधत बसलो, तर ती कुठेच सापडेना.

प्रॉक्सी काढायला मी व्हिप्स वापरतो. 1990 च्या सुमारास युरोपातल्या एका प्रकल्पात लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रांचे मोठे स्कॅन हाताळायला हा प्रोग्रॅम जन्माला आला. तेव्हाच्या मशीनांची मेमरी आजच्या मानाने नगण्य, त्यामुळे चित्र लागेल तेवढंच वाचायचं, ही सवय त्याच्या हाडीमाशी आहे.

```
vipsheader nakasha.tif
vips shrink nakasha.tif proxy.tif 8 8
```

पहिली ओळ फाईल न उघडता तिची मापं सांगते. दुसरी प्रत्येक आठ बाय आठ पिक्सेलांची सरासरी घेऊन एक पिक्सेल करते. 3,600 बाय 2,700 ची प्रत मिळते, जेमतेम 58 एमबीची. तिच्यावर जिम्प पाण्यासारखं चालतं.

माझं मत खरं फिरलं ते पिवळेपणाच्या कामात. घड्यांपाशी गडद, मधे फिकट, एका कोपऱ्याला चहाच्या रंगाची झाक. हा बदल इतका सावकाश होतो की पूर्ण रिझोल्यूशनला तो नीट दिसतही नाही. पडद्यावर मावणाऱ्या तुकड्यात कागद एकाच रंगाचा वाटतो. मी प्रॉक्सीवर आधी रेषा आणि अक्षरं पुसून टाकली, मग मोठ्या त्रिज्येचा ब्लर दिला. उरली ती नुसती कागदाची सावली. ती आठपट मोठी केली, मूळ नकाशाला तिने भागलं आणि कागदाच्या सरासरी रंगाने गुणलं. ही झाली kaam.tif. सावलीत बारकावे नव्हतेच, त्यामुळे छोटी करून मोठी करण्यात काही हरवलं नाही. आणि मूळच्या रेषांना ब्लरचा स्पर्श झाला नाही, कारण ब्लर सावलीवर होता, नकाशावर नव्हता. चौसष्ट जीबीचं मशीन समोर असतं तरी हे काम मी आता प्रॉक्सीवरच करीन.

रेषांच्या बाबतीत मात्र प्रॉक्सी फसवते. हद्दीची एक दशांश मिलिमीटरची रेघ 600 डीपीआयला सव्वादोन-अडीच पिक्सेल जाड असते. आठपट लहान केल्यावर ती एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाएवढी उरते, म्हणजे कागदात मिसळून फिकट करडी होते. ती उठून दिसावी म्हणून प्रॉक्सीवर कर्व्ह ओढला, तर मूळ नकाशावर तीच रेघ डांबरासारखी काळी पडते आणि दाट लिहिलेली गावांची नावं भरून येतात. ग्रेनचंही तसंच. चौसष्ट पिक्सेलांची सरासरी घेतली की ग्रेन साधारण आठव्या हिश्शावर येतो, आणि स्कॅन आहे त्यापेक्षा स्वच्छ वाटतो. म्हणून प्रॉक्सीच्या जोडीला मी मूळ फाईलमधून तीन छोटे नमुने कापून घेतो: एक गजबजलेला, एक कोऱ्या कागदाचा, एक घडीवरचा. कर्व्ह चौघांनाही मानवला तरच पक्का. मग तो नाव देऊन जतन करायचा आणि पुढे प्रत्येक तुकड्यावर तोच लावायचा.

त्रिज्येचा हिशेबही लक्षात ठेवावा लागतो. प्रॉक्सीवरची दोन पिक्सेलांची त्रिज्या मूळवर सोळा होते. शार्पनिंग तर प्रॉक्सीवर ठरवूच नये.

तुकड्यांसाठी मापं सोयीची निघाली. आडवे चार, उभे तीन, प्रत्येक 7,200 चा चौरस. पण शार्पनिंगला कडेबाहेरचे पिक्सेल लागतात. ते नसले तर प्रोग्रॅम कडेपलीकडचं काहीतरी गृहीत धरतो, आणि जोडावर एखादं अक्षर आलं की त्यातून बारीक रेघ जाते. म्हणून तुकडा शेजाऱ्याच्या हद्दीत थोडा शिरवून कापायचा. अशा फिल्टरची पोच त्रिज्येच्या साधारण तिप्पट असते. माझी त्रिज्या तीनची होती, दहा पिक्सेलही पुरले असते. मी 64 ठेवले. वरच्या ओळीतला दुसरा तुकडा असा:

```
vips crop kaam.tif t1.tif 7136 0 7328 7264
vips crop t1_zala.tif k1.tif 64 0 7200 7200
```

पहिल्या ओळीत डावी कड 64 पिक्सेल अलीकडून घेतली आहे, उजवीकडे आणि खाली तेवढंच जास्त. वर नकाशाचीच कड आहे, म्हणून तिथे शून्य. जिम्पमध्ये कर्व्ह आणि शार्पनिंग झालं की दुसरी ओळ ही जास्तीची पट्टी छाटून टाकते. बाराही तुकडे असे झाले की `vips arrayjoin` ला `--across 4` सांगायचं, म्हणजे ते त्यांना ओळीने जोडतं. एक तुकडा 320 एमबीच्या आसपास, त्यामुळे अनडूसकट आठ जीबीत आरामात मावतो.

तुकड्यांवर 'ऑटो' नाव असलेलं काहीही वापरायचं नाही. ऑटो लेव्हल्स त्या तुकड्यातला सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट पिक्सेल शोधून रंग ताणतं. कोऱ्या समासाच्या तुकड्यात शाई नसते, मग ते कागदाच्या बदामी छटाच काळ्या-पांढऱ्यापर्यंत ताणतं. मोठी चूक लगेच दिसते. थोडी असेल तर नुसत्या डोळ्याला कळत नाही. म्हणून जोडलेल्या फाईलची पुन्हा प्रॉक्सी काढायची आणि तिचा कॉन्ट्रास्ट मुद्दाम भरमसाट वाढवायचा. बरोबर 900 पिक्सेलांवर उभ्याआडव्या पायऱ्या दिसल्या, तर कुठल्या तरी तुकड्याला वेगळी वागणूक मिळाली आहे. एखाद्या तुकड्याचं कलर प्रोफाइल सेव्ह करताना गळालं, तरी तो तुकडा जिम्पमध्ये वेगळाच रंग दाखवतो. ते आधी तपासावं.

डागासाठी बारा तुकड्यांची गरजच नाही. डाग आणि भोवतालचा परिसर तेवढा कापायचा, हीलिंग ब्रश फिरवायचा, कापलेल्या कडांना हात लावायचा नाही आणि होता तिथे परत ठेवायचा.

```
vips insert kaam.tif dag.tif naveen.tif 19200 14400
vips subtract kaam.tif naveen.tif farak.v
```

दुसरी ओळ आधीच्या आणि नंतरच्या फाईलची वजाबाकी करते. डागाच्या चौकटीबाहेर सगळीकडे शून्य यायला हवं. एका पिक्सेलनेही तुकडा सरकला असेल तर वजाबाकीत त्या चौकटीतली अक्षरं कोरल्यासारखी उमटतात. अख्खी फाईल उघडून ब्रश फिरवायचो तेव्हा बाकीच्या नकाशाला धक्का लागला नाही याचा पुरावा माझ्याकडे कधीच नव्हता. नुसता विश्वास होता.

काही गोष्टी अजूनही मी तुकड्यांवर करत नाही. नकाशा किंचित तिरका असेल तर तो सरळ करणं, स्कॅनचे भाग एकमेकांना जोडणं, हे तुकडे पाडायच्या आधी आणि एकदाच. लांबच्या भागातून कागदाचा पोत उचलून आणायचा असेल, तर तो भाग दुसऱ्या तुकड्यात असतो. मग त्याचा नमुना वेगळा कापून आणावा लागतो, आणि ते कंटाळवाणं आहे.

मेमरीचं ओझं कमी झालं ते डिस्कवर गेलं आहे. त्या वजाबाकीच्या फाईलमध्ये प्रत्येक रंगाला चार बाइट लागतात, त्यामुळे ती एकटीच साडेसात जीबीची होते. सावलीची मोठी प्रत, भागाकार, बारा तुकडे, त्यांचे छाटलेले अवतार हे सगळं धरलं की एका नकाशाला पन्नास जीबी मोकळी जागा असलेली बरी. नव्या लॅपटॉपसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून मी एक टीबीची बाहेरची एसएसडी घेतली. बाकीचे अजून तसेच आहेत.