जुलै महिन्यात कोचचा पगार कुठून येतो?

एप्रिल-मे आला की रत्नागिरीत क्रिकेटच्या उन्हाळी शिबिरांचे बॅनर लागतात. जूनमध्ये बॅनर उतरतात आणि बऱ्याचदा त्याबरोबर कोचही जातो. परवा अकादमी चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसासोबत हिशेब मांडायला बसलो. आकडे गोल करून सांगतो.

मुलं ४०, फी महिना १००० रुपये. म्हणजे जमा ४० हजार. मुख्य कोच १८ हजार, सहायक ९ हजार, मैदानाचं भाडं ८ हजार, बॉल आणि किरकोळ ५ हजार. खर्च बरोबर ४० हजार. कागदावर सगळं जमलं!

पण हा हिशेब घाटावर चालेल, आपल्याकडे मिरगाचा पाऊस सुरू झाला की मैदान चार महिने बंद. नेट काढायची, काथ्याची मॅट गुंडाळून कोरड्या जागी ठेवायची, नाहीतर ती कुजते. सराव हॉलमध्ये, तोही फिटनेस आणि कॅचिंगपुरता. पालक म्हणतात, "पावसात फी कशाला?" मग ४० मधली १५ मुलं उरतात.

आता वर्षाचा हिशेब बघा. दोन्ही कोचचे १२ महिन्यांचे ३ लाख २४ हजार. मैदान आठ महिने ६४ हजार, हॉल चार महिने २४ हजार. बॉल आठ महिन्यांचे ४० हजार (आपल्या जांभ्याच्या जमिनीवर लेदर बॉलची शिवण किती टिकते ते खेळलेल्यांना विचारा). मॅट आणि नेटचे ६० हजार तीन वर्षांत विभागून वर्षाला २० हजार. एकूण ४ लाख ७२ हजार. जमा किती? कोरड्या आठ महिन्यांचे ३ लाख २० हजार आणि पावसातले ६० हजार. म्हणजे ९२ हजारांचा खड्डा. तो बहुतेक ठिकाणी कोचचा पगार थांबवून बुजवला जातो. चांगला कोच एक पावसाळा सोसतो, दुसऱ्या पावसाळ्यात दुसरीकडे नोकरी धरतो. ऑक्टोबरला मुलांसमोर नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून बॅट कशी धरायची!

माझ्या मते फी महिन्याची नकोच, वर्षाची ठरवावी आणि ऑक्टोबर ते मे अशा आठ हप्त्यांत घ्यावी. पाच मुलांना निम्मी फी धरली तरी इतरांना हप्ता १६०० पडतो, वर्षाची जमा ४ लाख ८० हजार होते. पावसाळ्यातला सराव त्यातच. १००० चे १६०० ऐकून पालक दचकतील, हे खरं. पण वर्षाला १२ हजारऐवजी १२ हजार ८०० एवढाच तो फरक आहे.

अडचण एकच राहते. मेअखेर सगळे हप्ते जमा झालेले असतात आणि पैसे हातात असले की खर्च होतात. म्हणून दर हप्त्यातला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायचा आणि जूनपर्यंत त्याला हात लावायचा नाही. यंदा मुलाचं नाव घालायला जाल तेव्हा फी विचारण्याआधी विचारा, गेल्या जुलैत कोच कोण होते आणि आता तेच आहेत का?