वलीम्याच्या आदल्या रात्रीची परीक्षा

गंगाखेडात माझं औषधांचं दुकान आहे. रात्री दुकान बंद करायच्या वेळेला येणारं एक गिऱ्हाईक मला लांबूनच ओळखता येतं. तो आधी खोकल्याची गोळी मागतो, मग दुसरी गिऱ्हाइकं जाईपर्यंत काउंटरवरच्या बामच्या डब्या चाळत उभा राहतो आणि शेवटी हळूच म्हणतो, "ती गोळी आहे का?" त्याला नाव घ्यायची गरज पडत नाही. हा माणूस साठीचा असेल असं कोणाला वाटेल, पण निम्म्या वेळा तो पंचविशीचा असतो आणि हातावरची लग्नाची मेंदी अजून गेलेली नसते.

या तरुणांना बहुतेक वेळा कसलाही आजार नसतो. त्यांना भीती असते. ही भीती नेमकी कुठून येते आणि शरीरात काय करते, हे आपल्या घरांत कोणी सांगत नाही, म्हणून आज त्यावरच लिहितो.

आपल्याकडे निकाह झाला की दुसऱ्या दिवशी वलीमा. मधली रात्र ही नवरा-नवरीची. पण ती खरंच त्या दोघांची असते का? खोली सजवायला बहिणी, भावजया येतात. दोस्त दाराशी चिडवतात. सकाळी नवरा बाहेर आला की चार जण त्याच्या तोंडाकडे बघून हसतात आणि एखादा सरळ विचारतोसुद्धा. त्यातच एक समज पक्का बसलेला असतो की रात्री 'काही झालं' नाही तर वलीमा जायज होत नाही. म्हणजे रात्री परीक्षा आणि दुपारी बिर्याणीच्या दावतीत निकाल. ज्या मुलाने आयुष्यात परक्या मुलीशी धड दोन वाक्यं बोललेली नाहीत, त्याने एका ओळखीही नसलेल्या मुलीसमोर, थकलेल्या अंगाने, ठरलेल्या तासाला सिद्ध व्हायचं.

माझ्या नात्यातला एक भाचा याच परीक्षेत अडकला होता. त्याला विचारून, ओळख पटणार नाही इतकं बदलून सांगतो. वय सव्वीस, तब्येत उत्तम, सुपारीचंही व्यसन नाही. लग्नाला अकरा दिवस झाले होते. दुकानात येऊन म्हणाला, "मामू, मेरेसे कुछ नै हो रा." पहिल्या रात्री ताठरता आली आणि ऐन वेळी गेली. दुसऱ्या रात्री तो खोलीत शिरला तोच 'आज तरी होईल ना' हे मनात घेऊन. त्या रात्री आलीच नाही. तिसऱ्या रात्री एका दोस्ताने दिलेली गोळी खाल्ली. डोकं दुखलं, चेहरा लाल झाला, बाकी काही नाही. पाचव्या दिवसापासून तो मुद्दाम उशिरा घरी यायला लागला. मग भिंतीवरची 'मर्दाना कमजोरी'ची जाहिरात वाचून एका ठिकाणाहून पुड्या आणल्या. त्या त्याने माझ्यासमोर ठेवल्या. वर ना घटक लिहिलेले, ना बनवणाऱ्याचा पत्ता.

अशा जाहिराती करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी रेल्वेने कुठेही जा, रुळाकडेच्या भिंती त्यांनीच रंगलेल्या दिसतात. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत तीच इंग्रजी गोळी कुटून घातलेली अनेकदा सापडली आहे. ज्याला छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू आहे, त्याने ही पुडी खाल्ली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

मी डॉक्टर नाही, पण भाच्याला तीन प्रश्न विचारले. सकाळी झोपेतून उठताना ताठरता असते का? एकटा असताना येते का? हे हळूहळू वाढत गेलं की एकदम सुरू झालं? त्याची उत्तरं होती: असते, येते, आणि लग्नाच्या रात्रीपासूनच. या तीन उत्तरांत बराचसा उलगडा आहे. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते आणि सकाळची ही बहुतेक त्यातली शेवटची असते. ती येते म्हणजे नसा, रक्तवाहिन्या, हार्मोन्स आपलं काम करत आहेत. यंत्र शाबूत आहे. फक्त कोणी बघत असलं की ते थांबतं.

ते का थांबतं, हे समजून घेण्यासारखं आहे. ताठरता ही ताकद लावून येणारी गोष्ट नाही, ती सैल पडल्याने येते. मन निवांत आणि शरीर सुखात असलं की लिंगातल्या रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू सैल होतात, रक्त आत भरतं आणि दाबामुळे तिथेच अडकून राहतं. भीती वाटली की उलटं होतं. अंगात अ‍ॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, ते स्नायू आवळले जातात आणि रक्त माघारी जातं. समोर साप दिसला तर हेच व्हायला हवं. शरीराला साप आणि वलीमा यांतला फरक कळत नाही. म्हणून "हिंमत ठेव, मर्द हो" हा सल्ला उलटा पडतो. जोर जितका लावावा तितका आवळा वाढतो. दोस्ताची गोळी चालली नाही त्याचंही कारण हेच. ती गोळी इच्छा पैदा करत नाही. सुखाचा इशारा आधी मनातून यावा लागतो, गोळी तो फक्त टिकवते. भाच्याच्या मनातून इशारा येतच नव्हता, येत होती ती चौकशी: 'आली का? राहिली का?'

अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने १९७० साली छापलेल्या पुस्तकात हे नेमकं पकडलं होतं. असा पुरुष पलंगावर असूनही पलंगावर नसतो. तो बाजूला उभा राहून स्वतःलाच पाहणारा प्रेक्षक झालेला असतो. त्यांच्या इलाजात औषध नव्हतं. पहिली पायरी होती बंदी: काही दिवस संभोग करायचाच नाही, नवरा-बायको दोघांनी मिळून तसं ठरवायचं. परीक्षाच रद्द केली की नापास होण्याची भीती उरत नाही.

मी भाच्याला परभणीच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तपासलं, साखर आणि रक्तदाब पाहिला. सगळं ठीक होतं. मग त्यांनी सांगितलं, आता बायकोला सांगा. भाचा तिथेच घाम पुसायला लागला. गोळी खाणं सोपं होतं, हे अवघड.

तीन दिवसांनी त्याने धीर केला. दिवा मालवून, तोंड भिंतीकडे करून एवढंच बोलला, "मेरेकू डर लगता. तुमारे में कुछ कमी नै." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मैं समझी, मैंच पसंद नै आयी." अकरा-बारा रात्री ती पोरगी हेच मनात धरून रडत होती. याचं दुसरीकडे काही असेल, आई-बापांनी जबरदस्तीने लग्न लावलं असेल, असं काय काय तिने धरून ठेवलं होतं. तो आपली लाज लपवत होता आणि तिला त्यात नकार दिसत होता. मग तो अजून घाबरत होता आणि ती अजून आकसत होती. एका वाक्याने हा फेरा तुटला, कारण ज्या परीक्षकाला तो घाबरत होता, तो परीक्षक तिच्यात नव्हताच.

पुढचं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे झालं. पहिले दहा-बारा दिवस संभोग नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, वीसेक मिनिटं, आळीपाळीने एकमेकांची पाठ, हात, केस, पाय हाताळायचे. गुप्तांग आणि छाती वगळायची. काय बरं वाटतं ते बोलायचं. दुसऱ्या टप्प्यात सगळ्या अंगाला स्पर्श, पण संभोग अजूनही नाही. इथे एक खुबी आहे. ताठरता आली तर ती मुद्दाम जाऊ द्यायची, हात थांबवायचा, गप्पा मारायच्या आणि पुन्हा सुरू करायचं. दोन-चार वेळा ती गेली आणि परत आली की माणसाला पटतं, गेली म्हणजे संपलं नाही. त्यानंतरच संभोग, तोही घाई न करता. अडचणी होत्याच. घर एकत्र, खोलीची एक बाजू पत्र्याची, पलीकडे लहान भाऊ. त्यांनी कूलर मोठ्याने चालू ठेवला. मध्ये दोनदा बिनसलं, पण आता ते दोघांना माहीत असलेलं बिनसणं होतं. साधारण सहा आठवड्यांनी तो दुकानात आला आणि काही न बोलता उरलेल्या पुड्या माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकून गेला.

प्रत्येकाचं असंच नसतं. सकाळची ताठरताही महिनोन्‌महिने येत नसेल, त्रास हळूहळू वाढत गेला असेल, साखर, रक्तदाब किंवा तंबाखू असेल, वय चाळिशीपुढचं असेल, तर नुसत्या बोलण्याने भागणार नाही. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे त्या आधी तुंबतात. कधी कधी छातीत कळ येण्याच्या काही वर्षं आधी हाच पहिला इशारा असतो. अशा माणसाने पुडीच्या नव्हे, डॉक्टरच्या दारात जावं. नैराश्याच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असं होतं. तेव्हा गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावं, ते बदलून देतात.

काही जण म्हणतील, हे चारचौघांत बोलायचे विषय नाहीत. मराठीत हा वाद जुना आहे. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या असल्याच घाबऱ्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण लोकांनी विचारलेलं चूक आणि उत्तर देणारा गुन्हेगार, हे बाबासाहेबांना मान्य नव्हतं.

आपल्या दीनातही पती-पत्नीची रात्रीची गोष्ट बाहेर मिरवायला मनाई आहे. ही मनाई दाराशी उभ्या दोस्तांना लागू होते, सकाळी डोळे मिचकावून विचारणाऱ्यांना लागू होते. इलाजासाठी डॉक्टरला विचारणं, बायकोला सांगणं याला ती लागू नाही. अन्सारी बायकांना शरीराचे मसले विचारताना लाज आडवी आली नाही, म्हणून हजरत आयेशांनी त्यांची तारीफ केली होती. आपण मात्र उलटं केलंय. जिथे गप्प बसायचं तिथे चिडवतो आणि जिथे बोलायचं तिथे शरमतो.

वलीमा ही निकाहची खुशी जाहीर करणारी दावत आहे. रात्री काय झालं यावर ती अवलंबून नाही, असं अनेक आलिम सांगतात. घरात लग्न असेल तर बापाने नाही जमलं तरी मामाने, मोठ्या भावाने मुलाला एवढं आधी सांगून ठेवावं: पहिल्या रात्री काहीही झालं नाही तरी चालतं, नुसतं बोलत बसा. आणि सकाळी त्याला काही विचारू नये. नाश्ता झाला का, एवढंच विचारावं.