‘हुशार, कष्टाळू, नम्र’ यांचे काय करायचे?

आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी एका विद्यार्थिनीसाठी वहीच्या कागदावर मजकूर लिहून ठेवला होता. ती अत्यंत हुशार, कष्टाळू, नम्र व शीलवान आहे. वडील रिक्षा चालवत असूनही तिने जिद्दीने शिक्षण घेतले. ती पुढे संस्थेचे नाव उज्ज्वल करील, असा. मुलीने परदेशी विद्यापीठात एम.एस्सी.साठी अर्ज केला होता आणि तिथून सरांच्या ईमेलवर शिफारशीचा फॉर्म आला होता. फॉर्ममध्ये हा परिच्छेद ठेवायला जागाच नव्हती. होते ते सहा गुणांचे तक्ते, प्रत्येकापुढे ‘वरच्या २ टक्क्यांत’, ‘५ टक्क्यांत’, ‘१० टक्क्यांत’, ‘२५ टक्क्यांत’, ‘त्याखाली’ आणि ‘सांगता येत नाही’ असे पर्याय, आणि खाली ६०० अक्षरांचे दोन चौकोन. सरांनी मला इंग्रजी टाइप करायला बोलावले.

सर म्हणाले, ‘‘सगळीकडे पहिलाच पर्याय टाक. पोरगी गुणी आहे.’’

इथेच बहुतेक शिफारशी वाया जातात. एका गुणावरचा लोभ बाकीच्या गुणांवर सांडतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासून हेच दाखवले होते: ज्याची शरीरयष्टी चांगली, त्याची बुद्धी आणि चारित्र्यही चांगले ठरत होते. सरसकट पहिल्या रकान्यातल्या खुणा पाहून वाचणाऱ्याला एवढेच कळते की शिक्षकाला मुलगी आवडते.

मी विचारले, ‘‘सर, टक्के कुणाच्या तुलनेत?’’ यंदाच्या वर्गात ४० मुले. त्यातले ५ टक्के म्हणजे दोघे. पण सर गेली दहा वर्षे तिसऱ्या वर्षाला शिकवतात, म्हणजे सुमारे ४०० विद्यार्थी. त्यातले २ टक्के म्हणजे आठ. तुलना या ४०० जणांशी करायची असे ठरले आणि चौकोनाच्या पहिल्या ओळीत आम्ही तसे लिहिलेही. मग सर बोटे मोजू लागले. प्रयोगशाळेतल्या कामात तिच्या तोडीची किंवा तिच्याहून सरस अशी पाचच नावे निघाली. तिथे ‘२ टक्के’. विषयाच्या ज्ञानात ‘५ टक्के’. इंग्रजी लेखनात सर जरा थांबले आणि ‘२५ टक्के’ म्हणाले. नेतृत्व? तिला कधी कुठला गट चालवताना त्यांनी पाहिलेच नव्हते. ‘सांगता येत नाही’ या पर्यायावर खूण करताना त्यांचा हात अडखळला, पण ती नापसंतीची खूण नसते. उलट तिच्यामुळे बाकीच्या खुणा खऱ्या वाटतात.

‘शीलवान’पाशी मात्र आम्ही अर्धा तास अडलो. मी म्हणालो, ‘‘हे तुम्हाला कधी दिसलं ते सांगा.’’ सरांना एक प्रॅक्टिकल आठवले. ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोडा होता. अपेक्षेपेक्षा जास्त द्रावण लागत होते, म्हणून निम्म्या वर्गाने आकडे मागच्या बॅचच्या जर्नलशी जुळवून घेतले. हिने आलेले आकडेच लिहिले. तिन्ही वेळा एकच येतात म्हटल्यावर तिने बाटलीवर संशय घेतला. द्रावण काही दिवसांचे होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते हलके पडले होते. ऑक्झॅलिक आम्लाशी पडताळून तिने नवी तीव्रता काढली आणि पुन्हा हिशेब मांडला.

एवढ्या प्रसंगात हुशारी, कष्ट आणि सचोटी तिन्ही आली. मग ती विशेषणे आम्ही काढूनच टाकली. मोकळ्या जागा धरून ५८० अक्षरे झाली. आधी नोटपॅडमध्ये लिहिले होते हे बरे, कारण मध्येच ते पान आपोआप बंद पडले.

दुसरा चौकोन उणिवेचा. सरांना ‘काही नाही’ लिहायचे होते. पण वर लेखनाला २५ टक्के दिलेले. खाली काहीच उणीव नाही म्हटले तर वाचणारा दोन्हींवर शंका घेईल. म्हणून लिहिले की तिचे इंग्रजी अहवाल फार त्रोटक असतात, निष्कर्षाची कारणे ती तोंडी सांगते पण कागदावर आणत नाही, आणि शेवटच्या सत्रातले दोन अहवाल तिने सांगितल्यावर पुन्हा लिहून आणले.

उरली वडिलांची रिक्षा. सरांना तो उल्लेख हवाच होता. मी म्हणालो, ‘‘ती घरची गोष्ट आहे, तिला विचारून लिहू.’’ सरांनी फोन लावला. ‘‘सर, ते मी माझ्या निवेदनात लिहिलंय,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही लॅबचंच लिहा.’’

सरांनी ‘एकूण मत’ पुढे ५ टक्क्यांवर खूण केली, सगळे एकदा मोठ्याने वाचले आणि फॉर्म पाठवायचे बटण स्वतः दाबले.